नुसता पासपोर्टचा स्कॅन आला, सोबत एक ओळही नाही

प्रश्न: मी एका छोट्या कार्यालयात येणारे ईमेल बघते. काल एका माणसाकडून ‘passport’ नावाची पीडीएफ आली. विषय रिकामा, मजकूर रिकामा. उघडली तर पासपोर्टचं फोटो असलेलं पान. मी उत्तर लिहून ठेवलंय: ‘तुमचा पासपोर्ट क्रमांक अमुक, जन्मतारीख तमुक, मुदत अमुक तारखेपर्यंत, मिळाला. बरोबर आहे ना?’ हे पाठवू का? आणि फाइल कुठे ठेवू?

उत्तर:

तो मसुदा पाठवू नका. पाठवण्याआधी पुसून टाका आणि पुसल्यावर मसुद्यांच्या फोल्डरमध्ये त्याची एखादी प्रत राहिली नाही ना, तेही बघा. बहुतेक ईमेल सेवा तुम्ही टाइप करत असतानाच मसुदा साठवत राहतात.

मी 22 वर्षं अनुवादाच्या कामात आहे. आमच्याकडे जन्मदाखले, पदव्या, विवाहनोंदणी अशी कागदपत्रं अनुवादासाठी येतात आणि त्यांच्यासोबत, किंवा नुसतेच, पासपोर्टही येतात. काही न लिहिता आलेला पासपोर्ट हा आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी घडणारा प्रकार आहे. पाठवणाऱ्याच्या डोक्यात कारण लख्ख असतं, म्हणून त्याला ते लिहावंसं वाटत नाही. आपल्याला ते ठाऊक नसतं, म्हणून आपण अंदाज बांधतो. सगळा घोटाळा त्या अंदाजात होतो.

आमच्याकडे झालेला एक प्रकार सांगते. एका गृहस्थांनी आधी पदवी प्रमाणपत्र अनुवादाला दिलं होतं. चार दिवसांनी त्यांचा पासपोर्ट आला, एक अक्षर न लिहिता. माझ्या सहकाऱ्याला वाटलं, हाही अनुवादाचाच. त्याने पूर्ण पान टाइप करून घेतलं, अनुवाद केला आणि तुमच्यासारखंच उत्तर पाठवलं: क्रमांक, जन्मतारीख, जन्मस्थान, मुदत, सगळं ‘खात्रीसाठी’ लिहून. संध्याकाळी गृहस्थांचा फोन आला, आणि आवाज चढलेला होता. त्यांना फक्त एवढंच सांगायचं होतं की पदवीच्या अनुवादात आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे ठेवा. शिवाय ज्या पत्त्यावरून त्यांनी पाठवलं होतं तो त्यांच्या कचेरीचा सामायिक पत्ता निघाला. तिघंजण तो उघडत होते. स्कॅन पाठवल्यावर गृहस्थांनी तो ‘पाठवलेल्या’ ईमेलमधून काढून टाकला होता, आमचं उत्तर मात्र सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं.

त्यानंतर साफसफाईला बसलो तेव्हा कळलं की आम्ही किती प्रती तयार केल्या होत्या. मूळ जोडपत्र, सहकाऱ्याच्या डाउनलोड्समधली फाइल, टाइप केलेला मजकूर, अनुवादाची फाइल, पाठवलेल्यांमधलं उत्तर, आणि गृहस्थांच्या रागावलेल्या प्रत्युत्तराखाली चिकटून परत आलेला आमचाच मजकूर. एका पानाच्या सहा जागा झाल्या होत्या. त्या सहांपैकी पाच आम्ही निर्माण केल्या होत्या, आणि कामाला त्यातली एकही लागणार नव्हती.

आता तुमच्या फाइलकडे येऊ.

आधी ती नीट बघा, पण बघायचं काय ते ठरवून. पाठवणारा ओळखीचा आहे का, आणि पासपोर्टवरची व्यक्ती तीच आहे का, हे पहिलं. पाठवणारा एक आणि पासपोर्ट दुसऱ्याचा, असं पुष्कळदा असतं: नवरा बायकोचा पाठवतो, मुलगी वडिलांचा, एखादा मध्यस्थ गिऱ्हाइकाचा. अशा वेळी क्रमांक लिहून ‘बरोबर आहे ना’ विचारणं म्हणजे एकाची माहिती दुसऱ्याला वाचून दाखवणं. दुसरं, पानं किती आहेत. पीडीएफ एका पानाची वाटते आणि खाली सरकवलं की मुलाचाही पासपोर्ट निघतो. तिसरं, वाचता येतंय का. एवढं पुरे. पाठवणारा अगदीच अनोळखी असेल तर फाइल उतरवून घेऊ नका, ईमेलमधल्याच पूर्वदर्शनात बघा, आणि नावाच्या शेवटी खरंच .pdf आहे ना ते तपासा.

मग आवक वहीत नोंद करा. तुमच्याकडे वही असेल, एक्सेल असेल, काहीही चालेल. आमच्याकडे नोंद अशी दिसते:

‘आ-17. मंगळवार, सकाळी 10.40. ईमेलने, नेहमीच्या गिऱ्हाइकाकडून. पासपोर्टचं फोटोचं पान, एक पान, स्पष्ट. त्यावर क्रमांक, जन्मतारीख, जन्मस्थान, फोटो, सही. सूचना नाही. हेतू विचारला. फाइल मूळ ईमेलमध्येच, उतरवलेली नाही. पुढच्या मंगळवारी बघणे.’

कोणत्या प्रकारची नाजूक माहिती आहे ते यात लिहिलंय, ती माहिती लिहिलेली नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. उद्या ती फाइल चुकीच्या हाती गेली तर काय काय उघड झालं ते या एका ओळीवरून सांगता येतं, आणि वही स्वतः कुणाच्या हाती पडली तरी त्यातून काही निघत नाही. उल्लेख करायचा झाला की आम्ही ‘आ-17’ म्हणतो. पासपोर्टचा क्रमांक हा कुणाच्याही आवक क्रमांकाचं काम करण्यासाठी नसतो, पण लोक सर्रास तसा वापरतात. फाइलचं नाव ठेवतानाही हीच चूक होते. फाइलच्या नावात क्रमांक घातला की तो ‘अलीकडच्या फाइल्स’च्या यादीत दिसतो, बॅकअपच्या नोंदीत जातो, ईमेलला जोडताना समोरच्याच्या पडद्यावर झळकतो. फाइल उघडायचीसुद्धा गरज राहत नाही.

सहीचा उल्लेख मी मुद्दाम केला. क्रमांक जपायचा हे सगळ्यांना सुचतं, पण त्याच पानावर बहुधा सहीचा नमुना, समोरून काढलेला चेहरा आणि जन्मस्थान एकत्र असतात. हे लक्षात कुणाच्याच येत नाही.

उत्तर मी असं लिहीन. विषयाच्या ओळीत ‘पासपोर्ट’ हा शब्दसुद्धा नको, कारण ती ओळ कुलूपबंद फोनच्या पडद्यावरही दिसते. ‘तुम्ही आज पाठवलेल्या फाइलबद्दल’ एवढं बस. आणि मजकूर:

‘नमस्कार. आज सकाळी तुमच्याकडून एक पीडीएफ आली. पासपोर्टचं फोटो असलेलं पान दिसतं आहे, एकच पान आहे आणि नीट वाचता येतं आहे. सोबत काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी ती तशीच ठेवली आहे, पुढे कुणाला दिलेली नाही. ही कशासाठी पाठवली ते कळवाल का? नावाचं स्पेलिंग बघण्यासाठी, अनुवादासाठी, ओळखीचा पुरावा म्हणून, की चुकून आमच्याकडे आली? चुकून आली असेल तर तेवढंच कळवा, मी काढून टाकते. उत्तरात क्रमांक किंवा जन्मतारीख लिहू नका, आणि तूर्त फाइल पुन्हा पाठवू नका.’

यात तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पोच दिली आहे, पण फाइलमध्ये काय ‘आहे’ ते न सांगता ती ‘कशी’ आहे ते सांगून. पाठवणाऱ्याला तेवढं पुरतं, कारण त्याच्याकडे मूळ कागद आहे. त्याला स्वतःचा क्रमांक आपल्याकडून ऐकायचा नसतो, पान धूसर आलं का एवढंच जाणून घ्यायचं असतं. दुसरं, हेतू विचारताना पर्याय दिले आहेत. नुसतं ‘कशासाठी पाठवलं?’ असं विचारलं की काही जण दुखावतात, काही जण ‘तुम्हीच मागितलं होतं ना’ म्हणतात आणि बरेच जण ‘कामासाठी’ एवढंच लिहितात. पर्याय दिले की एका शब्दात उत्तर येतं. त्यात ‘चुकून’ हा पर्याय हवाच. चुकलेल्या माणसाला तो आधार वाटतो, नाहीतर तो गप्प बसतो. तिसरं, ‘पुन्हा पाठवू नका’. हे लिहिलं नाही तर प्रश्न आल्यावर लोक घाईने तीच फाइल आणखी एकदा पाठवतात, या वेळी चॅटवर, मग तिची प्रत कुणाच्या तरी फोनच्या फोटोंमध्ये जाऊन बसते.

क्रमांक परत लिहायला एवढी हरकत का, असं तुम्ही म्हणाल. तो त्यांनीच तर पाठवलाय. पण त्यांनी चित्र पाठवलंय, आणि तुम्ही त्याचा मजकूर करत आहात. चित्रातला क्रमांक जोडपत्रात असतो. बहुतेक ईमेल सेवांमध्ये उत्तर लिहिताना जोडपत्र मागे राहतं, ते फक्त ‘फॉरवर्ड’ केलं तरच पुढे जातं. मजकूर मात्र प्रत्येक उत्तराखाली अवतरण म्हणून चिकटत जातो. चार उत्तरांनंतर कुणीतरी ‘हे बघा’ म्हणून पाचव्या माणसाला जोडून घेतं, आणि खाली सरकवलं की सगळं समोर. शिवाय मजकूर शोधता येतो. कुणाच्या ईमेलमध्ये कुणी घुसलं तर तो शोधाच्या चौकटीत ‘passport’ टाकून बघू शकतो.

पासपोर्टच्या बाबतीत आणखी एक खाच आहे, आणि ती माहीत नसल्याने चांगली जपून वागणारी माणसंही फसतात. फोटोच्या पानाच्या तळाशी बाणांसारख्या चिन्हांनी भरलेल्या दोन ओळी असतात. यंत्राने वाचायच्या ओळी त्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ‘Doc 9303’ या मानकाप्रमाणे त्या छापल्या जातात, पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो. प्रत्येक ओळ 44 अक्षरांची. त्या मानकातला नमुना देते. देश काल्पनिक आहे, व्यक्तीही, त्यामुळे क्रमांक लिहू नका म्हणणारी मी तो इथे लिहू शकते:

```
P<UTOERIKSSON<<ANNA<MARIA<<<<<<<<<<<<<<<<<<<
L898902C36UTO7408122F1204159ZE184226B<<<<<10
```

दुसरी ओळ डावीकडून वाचा. पहिली नऊ अक्षरं म्हणजे पासपोर्टचा क्रमांक, L898902C3. मग एक तपासणी अंक, 6. मग नागरिकत्वाचा संकेत UTO. मग 740812, म्हणजे जन्म 12 ऑगस्ट 1974, आणि तिचा तपासणी अंक 2. मग F, म्हणजे स्त्री. मग 120415, म्हणजे मुदत 15 एप्रिल 2012 ला संपली, आणि तिचा तपासणी अंक 9.

म्हणजे वर छापलेल्या क्रमांकावर आणि जन्मतारखेवर कुणी काळजीपूर्वक काळी पट्टी मारली आणि या दोन ओळी तशाच ठेवल्या, तर काहीही झाकलं गेलेलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या ‘झाकलेल्या’ पासपोर्टांत ही चूक सगळ्यात जास्त दिसते. चिन्हांची गिचमिड असल्याने त्या ओळी वाचता येत नाहीत असं लोकांना वाटतं. नमुना एकदा समजला की वाचायला दहा सेकंदही लागत नाहीत.

ते तपासणी अंकही आपलं काम चोख करतात. जन्मतारखेचं बघा. 740812 मधल्या अंकांना क्रमाने 7, 3, 1, 7, 3, 1 ने गुणायचं: 49, 12, 0, 56, 3, 2. बेरीज 122, शेवटचा अंक 2, म्हणून तपासणी अंक 2. आता समजा कुणी शेवटचा अंक तेवढा झाकला, 74081 आणि पुढे ठिपका, पण तपासणी अंक उघडा राहिला. उरलेल्यांची बेरीज 120. शेवटी 2 यायला हवा, म्हणजे झाकलेला अंक 2 च. तारखेतला कुठलाही एक अंक झाकला तरी तो असाच सापडतो. स्कॅनरला चुकीचं वाचन ओळखता यावं म्हणून केलेली ही सोय आहे, पण ती एका अंकावरच्या पट्टीलाही हरवते. म्हणून ‘मी एक आकडा खोडून लिहिते’ हा उपाय उपायच नाही.

याच दुसऱ्या ओळीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. चिप असलेल्या पासपोर्टमध्ये चिप वाचण्याची पहिली किल्ली क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत या तिन्हींपासून बनते. तुमच्या मसुद्यात नेमके हेच तीन तपशील ओळीने लिहिलेले आहेत. घाबरवायला सांगत नाही. चिप वाचायला पासपोर्ट काही सेंटिमीटरवर लागतो, त्यामुळे केवळ तुमच्या ईमेलवरून कुणी ती वाचू शकत नाही. पण हे तीन तपशील एकत्र असण्याला वेगळी किंमत आहे, हे यावरून कळावं.

उत्तर आलं की पुढचं हेतू ठरवतो. बहुतेक वेळा असं दिसतं की कामाला अख्खं पान लागतच नाही. नावाचं स्पेलिंग हवं असेल तर नाव लिहून घ्या, त्यांना ‘नाव असं लिहू ना?’ म्हणून फक्त नाव कळवा आणि स्कॅन काढून टाका. आमच्या त्या गृहस्थांचं काम एवढंच होतं. वयाची खात्री हवी असेल तर ‘पासपोर्ट बघितला, वय पुरेसं’ ही नोंद पुरते, प्रत ठेवायला नको. अनुवादाचं काम असेल तर पान लागतं, क्रमांकासकट, कारण अनुवादात तो यावाच लागतो. पण तो त्या एका फाइलमध्ये राहतो, ईमेलच्या मजकुरात येत नाही. कायद्याने ओळखीची प्रत ठेवणं बंधनकारक असलेलं काम असेल तर ती ठेवा, पण तुमच्या कार्यालयात त्यासाठी जी ठरलेली जागा असेल तिथेच. युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात 5 व्या कलमात हे दोन तत्त्वं म्हणून लिहिलेलं आहे: ठरलेल्या हेतूपुरतंच वापरायचं आणि हेतूला लागेल तेवढंच घ्यायचं. मला वाटतं, कायदा नसता तरी काम करणाऱ्याच्या सोयीचं हेच आहे. जे घेतलंच नाही ते जपायला लागत नाही.

‘बँकेला, कॉलेजला, पुढे कुणाला तरी द्यायचंय’ असं उत्तर आलं तर कधीकधी झाकून पुढे द्यावं लागतं. इथे एकच धोका नीट समजून घ्या. पीडीएफवर काळा चौकोन काढला की तो कागदावरच्या चिकटपट्टीसारखा असतो, खालचं तसंच राहतं. स्कॅन करणारी बरीच अॅप्स चित्रामागे शोधण्याजोगा मजकुराचा थरही घालतात. चौकोन वर काळाकुट्ट दिसत असताना मागून क्रमांक उचलता येतो. हे ओळखायला सोपं आहे. फाइल उघडा, सगळं निवडा, कॉपी करा आणि रिकाम्या नोटपॅडमध्ये चिकटवा. किंवा संगणकावर pdftotext हे साधन असेल तर टर्मिनलमध्ये हे चालवा:

```
pdftotext jhaklela.pdf -
```

पडद्यावर क्रमांक उमटला तर झाकलेलं नाही. काही उमटलं नाही तर मजकुराचा थर नाही एवढंच कळतं. चौकोन हलवता किंवा निवडता येतो का ते पीडीएफ संपादकात वेगळं बघावं लागतं. वर्डमध्ये चित्र कापलं तरी कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक असतो, तो ‘कापलेला भाग काढून टाका’ असं वेगळं सांगितल्यावरच जातो. फोनवरचं हायलायटरचं पेन काळं दिसलं तरी अर्धपारदर्शक असतं, उजेड वाढवला की खालचे आकडे दिसायला लागतात.

या सगळ्याला मी वापरते तो उपाय अगदी साधा आहे. झाकायचंच नाही, हवा तेवढाच भाग उचलायचा. पान पडद्यावर मोठं करते, नावाची एक ओळ तेवढीच दिसेल असं सरकवते आणि फक्त त्या पट्टीचा स्क्रीनशॉट घेते. नव्या चित्रात बाकीचं मुळातच आलेलं नसतं. अख्ख्या पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन मग कापणं नव्हे, निवडलेल्या भागाचाच घ्यायचा. अख्खं पानच लागत असेल आणि झाकणं भाग असेल तर झाकून छापते आणि छापलेला कागद परत स्कॅन करते. जुनाट वाटेल, पण कागदाला मागचा थर नसतो. छापल्यावर तो कागद उजेडासमोर धरून बघा मात्र, आणि नंतर फाडायला विसरू नका.

कधी कधी क्रमांकाबद्दल बोलावंच लागतं. स्कॅनमध्ये एक जागा धूसर आहे, किंवा अर्जातला क्रमांक पासपोर्टशी जुळत नाही. तेव्हाही क्रमांक न लिहिता जागा सांगा: ‘क्रमांकातलं चौथं अक्षर नीट दिसत नाही, तेवढं फोनवर सांगाल का?’ किंवा ‘अर्जातला आणि पासपोर्टमधला क्रमांक शेवटच्या दोन स्थानांवर वेगळा आहे, मूळ कागद बघून अर्ज दुरुस्त कराल का?’ दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी लिहून ‘यातला कुठला?’ विचारण्याचा मोह होतो. त्यांच्याकडे मूळ पासपोर्ट आहे, त्यांना जागा सांगितली की ते शोधतात. फोन करायचा तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर करा, त्या ईमेलखाली लिहिलेल्या क्रमांकावर नव्हे. ईमेल खरंच त्यांनी पाठवलाय का, याची खात्रीही तेवढ्यात होते.

काढून टाकण्याबद्दल. ‘मी काढून टाकते’ म्हणताना नेमकं काय काढता येतं ते ठाऊक असू द्या. आलेला ईमेल उडवला की तो कचऱ्याच्या फोल्डरमध्ये जातो आणि अनेक सेवांमध्ये 30 दिवस तिथेच राहतो, म्हणून तिथूनही काढायचा. डाउनलोड्स बघायचं. फोनवर उघडली असेल तर फोनही. सामायिक ईमेल असेल तर दुसऱ्या कुणी उतरवून घेतली का ते विचारायचं. तुमच्या कार्यालयाच्या बॅकअपमधली प्रत तुम्हाला काढता येणार नाही, ती बॅकअप बदलला जाईल तेव्हाच जाईल. म्हणून मी ‘आमच्याकडे आता काहीही नाही’ असं कधी लिहीत नाही. ‘ईमेल आणि संगणकावरून काढली, बॅकअपमधली ठरलेल्या मुदतीत जाईल’ असं लिहिते. आणि काढल्याचं कळवताना उत्तर जुन्या ईमेलवर न देता नवा ईमेल लिहिते, म्हणजे जुनं काही खाली चिकटून जात नाही.

उत्तरच आलं नाही तर? आमच्याकडे रीत अशी आहे की सात दिवसांनी एकदा विचारतो, तोच मजकूर थोडक्यात. आणखी सात दिवसांनी शेवटचं कळवतो: ‘हेतू कळला नाही, म्हणून आज फाइल काढून टाकत आहोत, लागली तर कारण लिहून पुन्हा पाठवा.’ मग काढतो. आधी मला भीती वाटायची की कुणीतरी येऊन भांडेल. इतक्या वर्षांत दोघांनी पुन्हा पाठवली, या वेळी कारण लिहून. बाकीच्यांकडून काहीच आलं नाही. वहीत त्या ओळीपुढे ‘काढली’ आणि तारीख पडते, आ-17 चं पान तिथे बंद होतं.